मामांचे शेअर्स आणि आजीची सही

मामा गेले त्याला तीन महिने झाले होते. दिवसकार्य आटोपलं, बँकेतली कामं झाली, आणि मग मामीने कपाटातून एक निळी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. आत मामांच्या डिमॅट खात्याची स्टेटमेंट्स होती. तीस वर्षं नोकरी करताना थोडे थोडे करून घेतलेले शेअर्स, त्या दिवशीच्या भावाने साधारण ९ लाख ४० हजारांचे. नॉमिनीच्या रकान्यात काहीच नव्हतं. "एक पत्र दिलं की माझ्या नावावर होतील म्हणे," मामी म्हणाली. पत्र एकच द्यायचं होतं हे खरं. पण त्या पत्रात काय लिहायचं हे समजायला आम्हाला दोन खेपा लागल्या.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण इथे बहुतेक घरांत चूक होते. मामांच्या फोनमध्ये ब्रोकरचं अॅप होतं आणि पासवर्ड मामेभावाला ठाऊक होता. "शेअर्स विकून पैसे आईच्या खात्यात टाकू का?" असं त्याने विचारलं. टाकू नये. खातेदार गेल्यावर त्याच्या नावाने व्यवहार करण्याचा हक्क कोणालाच राहत नाही. मामांनी ब्रोकरला दिलेलं मुखत्यारपत्रही त्यांच्याबरोबरच संपलं. पुढे एखादा वारस तक्रार करून उभा राहिला, तर अशा विक्रीचा जाब विकणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून पहिलं काम मृत्यूची खबर देणं. ती दिली की खात्यातून शेअर्स बाहेर जाण्याचा रस्ता बंद होतो आणि शेअर्स जागच्या जागी सुरक्षित राहतात.

ही खबर आणि पुढचा अर्ज कंपन्यांकडे द्यायचा नसतो. मामांकडे अकरा कंपन्यांचे शेअर्स होते, पण पत्र एकच गेलं, तेही ज्या ठिकाणी डिमॅट खातं उघडलं होतं तिथे. त्याला डिपॉझिटरी पार्टिसिपंट म्हणतात, बोलताना सगळे डीपी म्हणतात. बँक किंवा ब्रोकर हा डीपी असतो आणि त्याच्या मागे एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांपैकी एक डिपॉझिटरी असते. खातं कुठल्या डिपॉझिटरीत आहे हे क्रमांकावरून ओळखता येतं. सोळा अक्षरांचा क्रमांक IN ने सुरू होत असेल तर एनएसडीएल, नुसते सोळा आकडे असतील तर सीडीएसएल. जुनी कागदी सर्टिफिकेटं मात्र या पत्रात येत नाहीत. ती सापडली तर त्या त्या कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

मृताचे शेअर्स वारसाच्या नावावर जाण्याला ट्रान्समिशन म्हणतात. ही विक्री नाही आणि बक्षीसही नाही, त्यामुळे शेअर्स नावावर येताना भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वारसाने पुढे ते विकले, तर मामांनी ज्या किमतीला आणि ज्या तारखेला घेतले तीच किंमत आणि तीच तारीख धरून हिशोब होतो. म्हणून मामांच्या जुन्या खरेदीच्या चिठ्ठ्या आम्ही टाकल्या नाहीत, त्या निळ्या फाइलमध्येच ठेवल्या.

शेअर्स यायचे तर मामीचं स्वतःचं डिमॅट खातं लागणार होतं. ते उघडलं, आणि तिच्या डीपीकडून खात्याचा सही-शिक्क्याचा तपशील घेतला. त्याला क्लायंट मास्टर लिस्ट म्हणतात. मग ट्रान्समिशनचा छापील फॉर्म भरला आणि त्याला वरचं पत्र जोडलं. त्याचा मजकूर साधारण असा होता:

"माझे पती अमुक तारखेला निधन पावले. आपल्याकडील त्यांच्या डिमॅट खात्यात (क्रमांक अमुक) ते एकटेच खातेदार होते. खात्यास नॉमिनेशन नाही. त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. त्यांचे कायदेशीर वारस पुढीलप्रमाणे आहेत. या खात्यातील सर्व शेअर्स माझ्या डिमॅट खात्यात (क्रमांक अमुक) वर्ग करावेत. मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, माझ्या खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड आणि इतर वारसांची ना-हरकत पत्रे सोबत जोडली आहेत."

नॉमिनी नसताना एवढ्यावर काम होतं, कारण सेबीने मर्यादा घालून दिली आहे. एका डिमॅट खात्यातल्या शेअर्सची किंमत १५ लाखांपर्यंत असेल, तर कोर्टात न जाता प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत यांवर शेअर्स वर्ग होतात. २०२२ पूर्वी ही मर्यादा ५ लाख होती. मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी लागू होते, त्यामुळे दोन डीपींकडे दोन खाती असतील तर दोन्हींची बेरीज करत नाहीत. किंमत १५ लाखांवर गेली की वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट असा कोर्टाचा कागद लागतो, आणि त्यात जाहीर नोटीस, तारखा, कोर्ट फी हे सगळं येतं. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली म्हणून डीपी शेअर्स देत नाही. ती नोंद जमिनीच्या महसुली दप्तरासाठी असते.

आम्ही मर्यादेच्या आत होतो. प्रतिज्ञापत्र आणि बाँड पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर केले, नोटरीचा शिक्का घेतला. पुण्याचा मामेभाऊ आणि नाशिकची मामेबहीण यांनी ना-हरकत दिली. फाइल जमा केली. दहा दिवसांनी ती परत आली, वर एक चिठ्ठी टाचलेली. दोन त्रुटी होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर मामांचं नाव वडिलांच्या पूर्ण नावासह होतं, डिमॅट खात्यात मधलं नाव नुसतं आद्याक्षर. तो नावातल्या फरकाच्या प्रतिज्ञापत्राने सुटणारा प्रश्न होता. दुसरी ओळ वाचून मात्र मी थांबलो: "मृताची आई हयात असल्यास तिची ना-हरकत जोडावी."

आजी हयात होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, मामीबरोबरच राहणारी. ज्या टेबलावर आम्ही वारसांची यादी लिहिली, त्याच टेबलावर ती रोज जेवते. पण वारस म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर बायको आणि मुलं एवढेच आले. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांचा वाटा सारखा. लग्न झालेली मुलगीही त्यात येते. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. म्हणजे मामांच्या शेअर्सचे चार सारखे भाग होत होते, आणि त्यातला एक, साधारण २ लाख ३५ हजारांचा, आजीचा होता. इतर धर्मांत वारसांची यादी वेगळी होते, म्हणून यादी लिहिताना आपल्याला कुठला कायदा लागू आहे ते आधी पाहावं लागतं.

आमच्या प्रतिज्ञापत्रात "याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत" असं वाक्य होतं. शपथेवर लिहिलेलं ते वाक्य खोटं होतं, आणि त्याखाली मामीची सही होती. इंडेम्निटी बाँडचा अर्थही तेव्हा नीट कळला. उद्या कोणी हक्काचा वारस पुढे आला, तर त्याची भरपाई डीपी करणार नाही, सही करणारा करेल, असं ते वचन असतं. म्हणून वारसांची यादी हा या सगळ्या कागदपत्रांचा गाभा आहे. बाकीचे रकाने चुकले तर फाइल परत येते. यादी चुकली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर एखाद्याचा वाटा बुडतो.

आजीकडून नुसती सही घेणं सोपं होतं. "इथे कर" म्हटलं असतं तर तिने केली असती. पण मी तिच्याशेजारी बसून कागद मोठ्याने वाचला. यात तुझा चौथा हिस्सा आहे, रक्कम एवढी, आणि सही केलीस की तो वहिनींच्या नावावर जाईल, असं सांगितलं. तिला वाटा नको असता तर ना-हरकत द्यायची होती, हवा असता तर दुसरीही वाट होती. सगळ्या वारसांनी मिळून कौटुंबिक वाटणीपत्र करायचं, कोणाला किती हे त्यात लिहायचं आणि ज्याचे त्याचे शेअर्स ज्याच्या त्याच्या खात्यात मागायचे. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याच्या पैशात माझा वाटा आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." मामीकडे पाहून तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. नोटरी घरी आले होते. त्यांच्यासमोरच तिने ती केली.

सुधारलेलं प्रतिज्ञापत्र, नावाच्या फरकाचा कागद आणि आजीची ना-हरकत जोडून फाइल पुन्हा दिली. कागदपत्रं पूर्ण असली की डिमॅटमधल्या शेअर्सचं ट्रान्समिशन सात दिवसांत व्हावं असा नियम आहे. सहाव्या दिवशी मामीच्या फोनवर शेअर्स जमा झाल्याचे संदेश आले, अकरा कंपन्यांचे अकरा.

मामांनी नॉमिनी लिहिला असता तर फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि क्लायंट मास्टर लिस्ट एवढ्यावर काम झालं असतं. किंमत कितीही असो, ना-हरकत लागली नसती. पण तेव्हाही आजीचा हक्क संपला नसता. नॉमिनी म्हणजे मालक असं पुष्कळांना वाटतं. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी याचा निकाल दिला. शेअर्सचा नॉमिनी ते केवळ स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. नॉमिनीकडून खऱ्या वारसांकडे शेअर्स जाताना कर खात्याला ती विक्री वाटू नये, यासाठी १ जानेवारी २०२६ पासून TLH असा वेगळा कारण-संकेतही आला आहे.

मामीच्या नव्या खात्यात नॉमिनीचा रकाना भरायचा होता. तिने दोन्ही मुलांची नावं लिहिली, निम्मं-निम्मं. मग विचारलं, "पण हे नुसते सांभाळणारे ना?" हो म्हटल्यावर म्हणाली, "तर मग मृत्युपत्राचंही बघू. आणि आईंच्या औषधपाण्यासाठी यातलं काय ठेवायचं, ते त्यात स्पष्ट लिहायचं." निळ्या फाइलमध्ये आता तो कच्चा मसुदा आहे. त्याच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची यादी आहे, आणि तिच्यात आजीचं नाव सगळ्यात वर आहे.