१ जुलैपासून मागे मोजायचं

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये नवे रेसिडेंट १ जुलैच्या सुमारास रुजू होतात. ज्याला तिकडे जायचं आहे त्याने ही तारीख आधी लिहावी आणि तिथून मागे मोजत यावं, असं मी वाणगावात माझ्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना सांगते. मी इथे दवाखाना चालवते. माझी मुलगी मुंबईच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाली आणि इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी अमेरिकेला गेली. तो सगळा प्रवास मी जवळून पाहिला. त्यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणते: अभ्यासात कमी पडून मागे राहिलेल्यांपेक्षा क्रम चुकल्यामुळे मागे राहिलेली मुलं मला जास्त भेटली.

आता मागे मोजू. १ जुलैला रुजू व्हायचं तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅच, म्हणजे हॉस्पिटलाशी जोडी, लागायला हवा. मॅचसाठी ऑक्टोबर ते जानेवारीत मुलाखती, आणि मुलाखतींसाठी सप्टेंबरच्या अखेरीस पूर्ण अर्ज हॉस्पिटलांपुढे हवा. त्या दिवशी अर्जात स्टेप १ आणि स्टेप २ सीके या दोन्ही परीक्षांचे निकाल नसतील, तर बरीच हॉस्पिटलं तो उघडतही नाहीत. निकालाला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे दुसरी परीक्षा जुलैपर्यंत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला आटपायला हवी. पदवीची कागदपत्रं महाविद्यालयाकडून तपासून घेऊन ईसीएफएमजी ही संस्था प्रमाणपत्र देते आणि त्यासाठी इंग्रजीची ओईटी परीक्षाही द्यावी लागते. इथला एमडी तिकडे सहसा धरत नाहीत. परदेशातल्या डॉक्टरला रेसिडेन्सी जवळपास नेहमीच पुन्हा करावी लागते.

या हिशेबात आपल्याकडे आणखी एक वर्ष येतं. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष ग्रामीण सेवा करावी लागते, नाहीतर दहा लाख रुपये भरावे लागतात. मुलीने सेवा करायचं ठरवलं आणि तिला तलासरी तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. ‘हे वर्ष वाया जाणार,’ असं तिच्या मैत्रिणी म्हणत. भीती अगदीच खोटी नव्हती, कारण पदवीनंतर पाचेक वर्षं उलटलेल्या उमेदवाराचा अर्ज अनेक ठिकाणी वाचलाच जात नाही. पण वर्ष वाया जाणं आणि वर्ष मोजलं जाणं यात फरक आहे, आणि तो तिला पुढे कळला.

आमच्याकडे मिरची आणि ढोबळीची शेती. फवारणीच्या दिवसांत घामाने भिजलेला, तोंडाला फेस आलेला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला माणूस रिक्षातून उतरवला जातो. काय झालंय हे विचारावं लागत नाही, कपड्यांच्या वासावरूनच कळतं. आधी कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि त्याच वेळी अॅट्रोपिन सुरू करायचं. छाती ऐकत राहायचं आणि घरघर थांबेपर्यंत मात्रा वाढवत न्यायची. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही, छाती कोरडी झाली की थांबायचं. मुलीने हे त्या केंद्रात केलं होतं. एका रात्री प्रश्नसंच सोडवताना तिच्यापुढे हाच रोगी आला: शेतमजूर, घाम, लहान बाहुल्या, छातीत घरघर, हातापायांत ताकद नाही. अॅट्रोपिन दिलं, स्राव आटले, पण अशक्तपणा तसाच आहे, आता काय? उत्तर प्रॅलिडोक्झाइम, कारण अॅट्रोपिन स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. ‘आई, हा तर आपलाच पेशंट,’ असा तिचा फोन आला. स्टेप परीक्षा अशाच असतात. रोगाचं नाव विचारत नाहीत, रोगी पुढे ठेवतात आणि तुम्ही पुढे काय कराल ते विचारतात.

स्टेप १ जानेवारी २०२२पासून फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण अशी आहे. त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीकेच्या तीन आकडी गुणांवर आला. तिथे एक नियम आहे, जो बऱ्याच घरांत उशिरा कळतो: एकदा उत्तीर्ण झालात की गुण वाढवण्यासाठी ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. कमी गुणांनी पास होणं म्हणूनच फार महागात पडतं. परीक्षेआधी सरावाच्या अधिकृत चाचण्या मिळतात. त्या काही आठवड्यांच्या अंतराने द्याव्यात, आणि लागोपाठच्या चाचण्यांत गुण हवे तिथे पोहोचत नसतील तर तारीख पुढे ढकलावी. मुलीने ढकलली, त्यापायी पैसेही भरले, आणि तो खर्च मला एका क्षणालाही खटकला नाही.

क्लिनिकल अनुभवाबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, कारण तलासरीत तुम्ही चोख काम केलं हे शिकागोतल्या माणसाने कशावरून ठरवायचं? ही पत्रं मिळवण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. विद्यार्थी असताना इलेक्टिव्ह करता येतं. त्यात रोग्याची माहिती घ्यायची, त्याला तपासायचं, वरिष्ठापुढे केस मांडायची. पदवी हातात पडली की तो दरवाजा जवळपास बंद होतो आणि ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे मागे उभं राहून बघायचं, रोग्याला हात लावायचा नाही. दोन्हींतून पत्र मिळतं, पण वजन वेगळं. ‘हजर होती, नम्र होती, हुशार आहे’ असं पत्र वाचणारा लगेच ओळखतो की लिहिणाऱ्याने हिला काम करताना पाहिलेलं नाही. ‘एका रोग्याच्या पायावरची सूज सगळ्यांनी हृदयाची धरली होती, हिने औषधांची यादी पाहून वेगळं कारण सुचवलं’ अशा एका वाक्याची किंमत मोठी असते. म्हणून इलेक्टिव्हचा विचार शेवटच्या वर्षाच्या आधीच करावा. इंटर्नशिप संपल्यावर माझ्याकडे आलेल्या मुलांना मी फक्त ऑब्झर्व्हरशिपचंच सांगू शकते.

मुलीने इलेक्टिव्ह केलं होतं आणि बाकीचा अर्ज ग्रामीण सेवेवर उभा राहिला. पहिल्या मसुद्यात तिने ‘आणीबाणीच्या रुग्णांवर उपचार केले’ असं लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि फवारणीचा तो माणूस, मण्यार चावलेला मुलगा, सिकलसेलच्या कळा घेऊन येणारी वारली बाई असं एकेक लिहायला लावलं. अर्ज शंभरावर जागी करता येतो, पण पहिल्या तिसांनंतर प्रत्येक अर्जाचा दर जवळपास तिप्पट होतो. शिवाय इंटर्नल मेडिसिनमध्ये ३ सोनेरी आणि १२ चंदेरी ‘सिग्नल’ मिळतात, म्हणजे ‘मला तुमच्याकडे खरोखर यायचं आहे’ अशी पंधरा ठिकाणी पाठवायची खूण. या खुणा नामांकित नावांवर उधळायच्या नाहीत. आपल्यासारखे परदेशी पदवीचे रेसिडेंट आज जिथे आहेत आणि जिथे व्हिसा दिला जातो, तिथेच पाठवायच्या.

मुलाखती व्हिडिओवर होतात. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नेमकी वीज जायची वेळ, म्हणून आम्ही इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट घेऊन ठेवलं. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत तिला फवारणीच्या रोग्याबद्दल विचारलं.

फेब्रुवारीत पसंतीची यादी भरायची होती. उमेदवार हॉस्पिटलांचा क्रम लावतो, हॉस्पिटलं उमेदवारांचा, आणि एनआरएमपी या संस्थेचा संगणक जोड्या लावतो. ही पद्धत १९५२पासून चालत आली आहे. सध्याची रीत उमेदवाराच्या यादीपासून सुरू होते आणि ती अॅल्विन रॉथ यांनी एका सहकाऱ्याबरोबर घडवली. अशा जोड्यांच्या अभ्यासासाठी त्यांना लॉइड शेपली यांच्यासह २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलीचा पेच असा होता की एका हॉस्पिटलने तिला फार आपुलकीचं पत्र पाठवलं होतं, पण मनातलं पहिलं हॉस्पिटल वेगळंच होतं. ‘आपुलकीवालं पहिलं ठेवते, म्हणजे निदान ते तरी हातचं जाणार नाही,’ असं ती म्हणाली.

मी कागद घेतला. शिकागो आणि डेट्रॉइट अशी दोन हॉस्पिटलं, प्रत्येकी एक जागा. क, ख, ग असे तीन उमेदवार. कची यादी शिकागो, मग डेट्रॉइट. खची फक्त शिकागो. गची डेट्रॉइट, मग शिकागो. शिकागोला आधी ख हवा, मग क, मग ग. डेट्रॉइटला आधी क, मग ग. आता संगणक चालू होतो. क शिकागोत तात्पुरता बसतो. ग डेट्रॉइटमध्ये तात्पुरता बसतो. ख शिकागोला येतो आणि शिकागोला तो जास्त हवा असल्याने क उठतो. क आता डेट्रॉइटला जातो. तिथे ग आधीपासून बसलेला आहे, पण डेट्रॉइटला क जास्त हवा, म्हणून ग उठतो. ग शिकागोला विचारतो, तिथे ख आहे, नकार येतो. शेवटी ख शिकागोत, क डेट्रॉइटमध्ये, ग बाहेर.

मुलीने कागद दोनदा पाहिला. क ने डेट्रॉइट दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं, तिथे तो उशिरा पोहोचला, तरी त्याची जागा गेली नाही, कारण सगळे थांबेपर्यंत कुठलीच जागा पक्की होत नाही. त्याने भीतीने डेट्रॉइट पहिलं लिहिलं असतं तरी डेट्रॉइटच मिळालं असतं, आणि ख नसता तर शिकागो मात्र स्वतःच्या हाताने घालवलं असतं. म्हणून क्रम मनातल्या आवडीचा लावायचा, शक्यतेचा अंदाज बांधून नाही. हॉस्पिटलच्या गोड पत्राला तर हिशेबात धरायचंच नाही, कारण ते पत्र त्यांना कशालाही बांधत नाही.

मुलीने यादी मनासारखी लावली. मॅचच्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली एवढंच कळतं, कुठे ते शुक्रवारी. तिला यादीतलं तिसरं हॉस्पिटल मिळालं. मग भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र, जे-१ व्हिसा आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट. त्या अटीतून सुटण्याचा रस्ता बहुधा अमेरिकेतल्या डॉक्टरांची वानवा असलेल्या गावांतून जातो.

परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी दहातल्या सुमारे सहा जणांनाच अलीकडच्या वर्षांत जागा मिळाली आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहावं लागतं आणि पदवीचं वर्ष आणखी जुनं होतं. म्हणून पालकांना माझी विनंती आहे: मूल इंटर्नशिपला लागण्याआधी त्याच्याबरोबर बसून तारखांचा हा हिशेब मांडा. आणि जिथे त्याला जायचंच नाही, असं एकही हॉस्पिटल यादीत भरू देऊ नका, कारण मॅचमध्ये लागलेली जागा बंधनकारक असते.