रोज एक शब्द: ओळखण्याच्या खेळाची रचना

शब्द ओळखण्याच्या रोजच्या खेळाला दोन याद्या लागतात. अंदाज म्हणून कोणते शब्द चालतील हे पहिली ठरवते, उत्तर कोणत्या शब्दांतून निघेल हे दुसरी. जॉश वॉर्डल यांनी 2021 मध्ये ‘वर्डल’ लोकांसमोर आणला. त्यासाठी जमवलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे 12,000 होते. पलक शाह या त्यांच्या जोडीदाराने ते चाळले आणि उत्तरांसाठी ओळखीचे असे सुमारे 2,500 ठेवले. पहिली यादी मोठी असली की खेळणाऱ्याचा रास्त शब्द नाकारला जात नाही. दुसरी छोटी असली की कधी न ऐकलेल्या शब्दापाशी तो हरत नाही. मराठीत उत्तरे मूळ रूपातच ठेवावीत. ‘घराला’, ‘घराचे’ अशी रूपे घेतली तर यादीला अंतच राहणार नाही.

रंगांचा नियम वरवर सोपा असतो: जागेवरचे अक्षर हिरवे, दुसऱ्या जागचे पिवळे, नसलेले करडे. खरी अडचण अक्षर दोनदा आले की येते. उत्तर ‘चमक’ आहे आणि खेळणाऱ्याने ‘कडक’ टाकले, असे धरू. डावीकडून एकेक अक्षर तपासत गेले तर पहिला क पिवळा आणि शेवटचा हिरवा होईल. मग उत्तरात दोन क आहेत, असा खेळणाऱ्याचा समज होणार, आणि तो साफ चुकीचा. म्हणून आधी सगळी हिरवी अक्षरे ठरवून ती उत्तरातून वजा करायची, मग उरलेल्यांत पिवळी शोधायची. तसे केले की पहिला क करडा होतो.

देवनागरीत मात्रांचाही प्रश्न आहे. उत्तर ‘कपाळ’ आणि अंदाज ‘कापूस’ असेल, तर पहिली दोन्ही व्यंजने जागेवर आहेत, पण एकही अक्षर पूर्ण जुळत नाही. दोन्ही करडी दाखवली तर हाती आलेला धागा निसटतो. ‘व्यंजन बरोबर, मात्रा वेगळी’ यासाठी निराळा रंग ठेवणे हाच न्याय्य मार्ग.

अवघडपणा शब्द किती दुर्मीळ आहे यावरच ठरत नाही. ‘धरण’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, तरी ‘रण’ हिरवे झाल्यावर मरण, चरण, हरण, शरण, वरण, सरण हेही समोर उभे राहतात. सहा संधींपैकी दोन संपल्या असतील तर एकेक शब्द टाकत बसणारा नशिबावर जगतो. ‘शहर’ टाकले तर श आणि ह एकदम तपासता येतात. मात्र सापडलेली अक्षरे जागेवरच ठेवण्याची सक्ती असेल, तर ही वाट बंद होते. म्हणून उत्तर ठरवण्याआधी एकाच अक्षराने वेगळे असणारे त्याचे सोबती मोजावेत. ते फार निघाले तर शब्द गाळावा, किंवा सक्तीच्या प्रकारात तरी देऊ नये. असे शब्द लागोपाठच्या दिवशी येऊ नयेत, हेही पाहावे. एखाद्या दिवशी हरणाऱ्यांचे प्रमाण अचानक वाढले, तर त्यांचे शेवटचे अंदाज पाहावेत. ते सगळे एकाच अक्षराने वेगळे असतील, तर दोष शब्दाच्या निवडीत आहे.