बीटचा रस आणि सोळाशे मीटर

बीटचा रस प्यायल्याने रक्त वाढते आणि रक्त वाढले की दम टिकतो, हा नांदेड-लातूरच्या मैदानांवर पक्का बसलेला समज आहे. पोलीस भरतीच्या तयारीत सकाळी सोळाशे मीटर धावणारी मुले त्याच भरवशावर ग्लास रिकामा करतात. रस दमाला थोडी मदत करतो हे खरे आहे, पण कारण वेगळेच आहे आणि फायदा ऐकीव गोष्टींपेक्षा बराच लहान.

आधी रंगाचा प्रश्न. बीटचा लाल रंग बीटालेन नावाच्या वनस्पतिरंगांचा असतो. रक्ताचा रंग हिमोग्लोबिनचा, आणि या दोहोंचा काही संबंध नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच बाजरीत त्याच्या कित्येक पट. पंडुरोग असलेल्या धावपटूला बीटने बरे वाटेल अशी आशा धरणे म्हणजे उपचार लांबवणे. रस प्यायल्यानंतर काही जणांची लघवी गुलाबी होते, तीही रक्त वाढल्याची खूण नाही. तोच रंग न पचता बाहेर पडलेला असतो.

खरे काम नायट्रेट करते. रोपाने मातीतून घेतलेला हा नत्राचा क्षार आतड्यातून रक्तात जातो, आणि त्याचा काही भाग लाळग्रंथी पुन्हा तोंडात आणून सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू तिथे त्याचे नायट्राइट करतात. गिळल्यावर शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. या वायूने रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि स्नायूंना तेवढेच काम थोड्या कमी ऑक्सिजनमध्ये करता येते. म्हणजे फुप्फुसे मोठी होत नाहीत की रक्त वाढत नाही; खर्च थोडा उतरतो, इतकेच. साखळीतला जिवाणूंचा दुवा मात्र नाजूक आहे. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की हे जिवाणू मरतात आणि रक्तातले नायट्राइट फारसे वाढतच नाही. रस पिऊन वर माउथवॉश वापरणाऱ्याचे बीट वायाच जाते.

‘दम सोळा टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्यही जिकडेतिकडे फिरते. ते इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगातून आलेले आहे. अँड्रू जोन्स यांच्या गटाने आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर रस दिला. जड भारावर सायकल मारताना ते पूर्वी साधारण पावणेदहा मिनिटांत थकत. रसानंतर सव्वाअकरा मिनिटे टिकले. आकडा खरा आहे, पण तो ‘एकाच भारावर किती वेळ टिकतो’ याचा आहे. शर्यतीत अंतर ठरलेले असते, मोजला जातो तो वेळ, आणि वेगाची क्षमता किंचित वाढली तरी एकाच भारावर टिकण्याचा अवधी कितीतरी अधिक वाढतो. त्यामुळे टिकण्यातले सोळा टक्के शर्यतीच्या वेळेत एखाद-दोन टक्केच भरतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या पूरक-आहारविषयक निवेदनातही चाळीस मिनिटांच्या आतल्या शर्यतींसाठी एक ते तीन टक्के इतकाच अंदाज दिलेला आहे. पुढच्या अनेक प्रयोगांत नायट्रेट काढून घेतलेला, पण रंगाने आणि चवीने तसाच असणारा रस तुलनेसाठी वापरला गेला. त्यामुळे परिणाम नायट्रेटचाच, मनाचा नव्हे, हे बऱ्यापैकी पक्के झाले.

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांच्या सोळाशे मीटरला मैदानी चाचणीच्या पन्नासपैकी वीस गुण आहेत आणि वेळेच्या वीस-वीस सेकंदांच्या पायऱ्यांवर ते ठरतात. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत आल्यास पूर्ण वीस, पुढच्या पायरीला अठरा, त्यापुढे सोळा. एखादा उमेदवार पाच मिनिटे बेचाळीस सेकंदांत धावतो असे धरले, तर त्याचे ३४२ सेकंद होतात. दोन टक्के म्हणजे सुमारे सात सेकंद. वेळ पाच पस्तीसवर येईल आणि गुण सोळाच राहतील. पण ज्याची वेळ पाच तेहतीस आहे, तो पाच सव्वीसच्या आसपास येऊन अठरा गुणांच्या पायरीवर चढू शकतो. फायदा मिळतो तो पायरीच्या काठावर उभ्या असलेल्याला. सहा महिने नीट धावून तीस-चाळीस सेकंद कमी करणाऱ्यापुढे हा हिशेब किरकोळच आहे.

कोणाला किती फरक पडतो हेही एकसारखे नसते. बेताची क्षमता असलेल्यांना परिणाम दिसतो. कसलेल्या धावपटूंमध्ये तो कमी होतो, बऱ्याचदा सापडतच नाही. अव्वल दर्जाच्या पंधराशे मीटर धावकांवरच्या एका अभ्यासात गटाची सरासरी वेळ सुधारली नव्हती. बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस आठ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. त्या पातळीवरच्या खेळाडूला रसातून काही मिळेलच असे धरता येत नाही. नवख्या उमेदवाराला मिळण्याची शक्यता उलट जास्त.

मात्रा साधारण तीनशे ते साडेपाचशे मिलिग्रॅम नायट्रेटची, धावण्याच्या दोन ते तीन तास आधी. रांगेत उभे असताना प्यायलेला रस वेळेवर चढत नाही. घरचा हिशेब करायचा तर तीन-चार मध्यम कच्च्या बीटांचा रस लागतो, पण हा आकडा सैलच. जमिनीतले नत्र, ऊन आणि साठवण यांवर बीटमधले नायट्रेट कित्येक पटींनी बदलते, आणि रंग पाहून ते कळत नाही. बीट उकडून पाणी फेकले तर बराचसा भाग त्या पाण्याबरोबर जातो. पालक, माठ, मेथी आणि मुळ्याचा पाला यांतही नायट्रेट भरपूर असते, त्यामुळे बीट हीच एक वाट नाही. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा रस पिणे मात्र मूर्खपणा ठरू शकतो. पोट बिघडले तर सात सेकंदांच्या बदल्यात मिनिटभर जाते. सराव चाचणीच्या दिवशी आधी एकदा घेऊन पाहावा.

नायट्रेट चांगले, मग जास्त असलेले पाणीही चालेल, हा समज नांदेडमध्ये विशेष घातक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलातल्या नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या देशातील पंधरा जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. रेणू तोच असला तरी प्रसंग वेगळा. रसाची मात्रा एखाद्या दिवशी, ठरवून घेतली जाते. बोअरचे पाणी घरातले सगळे रोज पितात, आणि त्यात नायट्रेट जास्त असणे ही बहुधा खत किंवा सांडपाणी झिरपल्याची खूण असते. अशा पाण्याने दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होते. खताच्या दुकानातला नायट्रेट क्षार बीटऐवजी घेण्याचा विचारही करू नये; नायट्राइट क्षार तर थोड्या प्रमाणातही जीवघेणा असतो.

रक्तदाब कमी असणाऱ्यांनी, रक्तदाबाच्या किंवा छातीत दुखण्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मुतखडा झालेल्यांनी हा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित घेऊ नये. बीटमधले ऑक्झलेट मुतखड्याला हातभार लावते.