कुलूप कुणी लावलं?

परवा रविवारी एश्बॉर्नच्या आमच्या घरात छोटासा तंटा झाला. पत्नीला स्तनांची स्वतपासणी कशी करावी याचा डॉक्टरांनी सुचवलेला व्हिडिओ बघायचा होता. यूट्यूब तो दाखवेना. गूगलच्या सेफसर्चच्या पानावर कुलपाचं चित्र, म्हणजे बंद करायची सोय नाही. माझ्या मोबाईलवरही तेच!

पहिला संशय मुलाच्या शाळेच्या खात्यावर गेला. शाळेच्या खात्यात हे निर्बंध शाळाच लावते, पण ते त्या खात्यापुरतेच असतात. लॅपटॉपवर क्रोमची पाहुण्यांची खिडकी उघडली, कुणाचंच खातं नाही, तरी कुलूप तसंच. मग पत्नीच्या मोबाईलचं वायफाय बंद करून सिमवरून पाहिलं, तर व्हिडिओ लगेच सुरू! म्हणजे दोष खात्यात नव्हता, घराच्या जाळ्यात होता.

मग लॅपटॉपवर एवढंच टाईप केलं:

```
nslookup www.google.com
```

उत्तर आलं 216.239.38.120. सेफसर्च सक्तीचं करण्यासाठी गूगलने हा खास पत्ता ठेवला आहे. कौटुंबिक फिल्टर 'गूगल कुठे आहे?' या प्रश्नाला हाच पत्ता सांगतो. यूट्यूबचंही तसंच. त्यामुळे खातं कुठलंही असो, घरातल्या सगळ्यांवर निर्बंध येतात. youtube.com/check_content_restrictions या पानावर बंधन डीएनएसचं आहे की खात्याचं, तेही कळतं.

आता हा फिल्टर बसवला कुणी? अहो, मीच! 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलासाठी फ्रिट्झबॉक्समध्ये 185.228.168.168 हा फिल्टरचा पत्ता घातला होता आणि पार विसरून गेलो होतो. Internet, मग Zugangsdaten, मग DNS-Server अशा वाटेने जाऊन तो काढला आणि कंपनीने दिलेला डीएनएस निवडला. तरी कुलूप निघेना! त्याच पानावर खाली DNSv6 ची वेगळी जागा आहे, तिथे फिल्टरचा दुसरा पत्ता बसलेला होता. जर्मनीत बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही6 असतं, त्यामुळे एक दार उघडून भागत नाही. दोन्ही बदलले, लॅपटॉप व मोबाईल पुन्हा सुरू केले (जुने पत्ते ते काही काळ लक्षात ठेवतात) आणि कुलूप गेलं.

मग मुलाचं काय? त्याच्या स्वतःच्या खात्यावर फॅमिली लिंकमधून सेफसर्च चालू केलं. मात्र तो खात्यातून बाहेर पडला, किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसला, तर हे बंधन लागू होत नाही. राउटरला घरात कोण आई आणि कोण बारा वर्षांचा मुलगा हे कळत नाही, आणि खात्याला समोर कोण बसलंय ते कळत नाही. म्हणून आता लॅपटॉपवर मुलाचं वेगळं लॉगिन आहे, आणि आमचा पासवर्ड त्याला ठाऊक नाही. निदान आज तरी!