न ऐकलेला सल्ला लिहिताना

कामाच्या ठिकाणच्या जाणत्या माणसाचा सल्ला डावलला गेला आणि पुढे तोच खरा ठरला, अशी गोष्ट लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. अडचण तिथूनच सुरू होते. १९७२ साली निक्सन यांच्या चीन दौऱ्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी विद्यार्थ्यांकडून दौऱ्याबाबतचे अंदाज लिहून घेतले आणि दौऱ्यानंतर तेच अंदाज त्यांना आठवायला सांगितले. जे प्रत्यक्ष घडले, त्याची शक्यता आपण मुळात जास्त धरली होती, असे अनेकांना वाटू लागले होते. म्हणून ‘ते तेव्हाच म्हणाले होते’ हे वाक्य केवळ आठवणीच्या भरवशावर लिहू नये. त्या वेळचा कागद शोधावा.

‘चॅलेंजर’ यानाच्या बाबतीत असा कागद आहे. बूस्टर रॉकेटचे भाग जिथे जोडले जातात तिथली फट रबराची ओ-रिंग बंद करते. थंडीत रबर ताठरते, फट भरायला उशीर होतो आणि तप्त वायू निसटू शकतो. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले अनुभवी अभियंते रॉजर बोजोले यांनी ३१ जुलै १९८५ रोजी वरिष्ठांना लेखी कळवले होते की, हा दोष दूर झाला नाही तर माणसे दगावतील.

पण एवढ्यावर लेख थांबला, तर एका बाजूला द्रष्टा आणि दुसऱ्या बाजूला मूर्ख, एवढेच चित्र उरते. सल्ला नाकारणाऱ्यांना त्या वेळी काय दिसत होते, तेही मांडायला हवे. २७ जानेवारी १९८६च्या रात्री दूरध्वनी बैठकीत अभियंत्यांनी १२ अंश सेल्सियसखाली उड्डाण नको, असे सांगितले. मात्र वायू निसटल्याची एक घटना साधारण २४ अंशांनाही घडली होती. मग दोष थंडीचाच कशावरून, असा प्रश्न आला. ज्या उड्डाणांत ओ-रिंगला काहीच झाले नव्हते, ती त्या चर्चेत तापमानासह तुलनेला घेतलीच गेली नाहीत. घेतली असती, तर ती सगळी साधारण १९ अंशांच्या वरची होती, हे लगेच दिसले असते. सल्ला बरोबर होता, पण त्यामागचा पुरावा अपुरा मांडला गेला. आदरापोटी नेमकी हीच बाजू गाळली जाते आणि लेख तिथेच कच्चा राहतो. वेळापत्रकाचा दबाव, आणि कंपनीच्या व्यवस्थापनाने अभियंत्यांना बाजूला ठेवून आधीचा निर्णय फिरवला, हेही अर्थात सांगायलाच हवे. पुराव्यातल्या उणिवेमुळे ती जबाबदारी कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापमान दोन अंशांच्या आसपास होते. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जणांचा मृत्यू झाला. लेखाची सुरुवात याच प्रसंगाने केली, तर आदल्या रात्रीचा प्रत्येक संशय वाचकाला हास्यास्पद वाटतो. आधी कागद, मग बैठक आणि शेवटी उड्डाण, या क्रमाने गेल्यास वाचक त्या बैठकीत बसतो, तो पुढचे काही माहीत नसलेल्यांच्या जागी.