गेम बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवला तर वेग मार खातो का?

५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला, तरी विंडोज आणि कामाच्या फायली बसल्यावर गेमसाठी फारशी जागा उरत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा एकच गेम १५० जीबी मागतो. मग गेम बाहेरच्या ड्राइव्हवर हलवायचा विचार येतो आणि पाठोपाठ शंकाही येते: गेम उघडायला आता दुप्पट वेळ लागणार का?

ड्राइव्ह नुसता बाहेर असल्याने गेम रेंगाळत नाही. वेग ठरतो तो डबीच्या आत काय आहे आणि ती कोणत्या केबलने, कोणत्या पोर्टला जोडली आहे यावरून. याचा चांगला दाखला म्हणजे प्लेस्टेशन ४. २०१३ साली आलेल्या या कन्सोलमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क होती. मार्च २०१७ च्या अपडेटनंतर त्यावरचे गेम यूएसबी ड्राइव्हवरही ठेवता येऊ लागले. ज्यांनी तिथे एसएसडी जोडला, त्यांचे गेम आतल्यापेक्षा बाहेरूनच लवकर उघडू लागले.

हार्ड डिस्क मागे पडते ती तिच्या बनावटीमुळे. गेम उघडताना चित्रे, आवाज, नकाशे असे असंख्य तुकडे वाचावे लागतात आणि ते तबकडीवर ठिकठिकाणी विखुरलेले असतात. ५४०० फेऱ्यांच्या तबकडीला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारे टोकही जागेवर सरकावे लागते. त्यामुळे असे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तो सेकंदाला हजारो तुकडे सहज वाचतो.

आता हिशेब करू. समजा, एक लेव्हल उघडायला ६ जीबी माहिती वाचायची आहे. यूएसबी २ जोडणीतून सेकंदाला साधारण ३५ एमबी येतात, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे. यूएसबी ३ वरच्या हार्ड डिस्कला फार तर १०० एमबीचा वेग धरला, तर एक मिनिट. त्याच पोर्टवर एसएसडी सुमारे ४०० एमबी देतो, म्हणजे १५ सेकंद. लॅपटॉपच्या आतला एनव्हीएमई ड्राइव्ह हे काम दोन सेकंदांत करील, पण कागदावर. माहिती वाचून झाली, तरी ती उलगडायला प्रोसेसरला वेळ लागतोच. म्हणून बाहेरचा एसएसडी आणि आतला ड्राइव्ह यांतला फरक प्रत्यक्षात बराच कमी होतो, हार्ड डिस्कशी असलेला मात्र ठळक जाणवतो.

पेनड्राइव्हच्या पाकिटावरचा मोठा आकडा एकच सलग फाइल वाचण्याचा असतो. विखुरलेले तुकडे वाचताना बहुतेक पेनड्राइव्ह अडखळतात आणि मोठे अपडेट उतरवताना तापून आणखी मंदावतात. जुना, छोटा गेम त्यावर चालेल. दीडशे जीबीचा गेम तिथे ठेवू नये.

नव्या कन्सोलांनी हा प्रश्न नियमानेच सोडवला आहे. प्लेस्टेशन ५ चा आतला एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचतो. यूएसबीवरचा ड्राइव्ह त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून त्याचे गेम यूएसबी ड्राइव्हवर साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र तिथूनही चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांनाही खास त्यांच्यासाठी बनवलेले गेम आतल्या ड्राइव्हवर किंवा एक्सपान्शन कार्डवर लागतात. तरी बाहेरचा ड्राइव्ह वाया जात नाही. त्यावरचा १०० जीबीचा गेम हार्ड डिस्कवरून आत घ्यायला सुमारे १७ मिनिटे लागतात; घरच्या इंटरनेटवरून तो पुन्हा उतरवायला बहुधा त्याहून बराच जास्त वेळ जाईल.

लॅपटॉपवर अडचण कुठे आहे, हे तपासता येते. गेम उघडत असताना टास्क मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हचा वापर सतत १०० टक्के दिसला, तर ड्राइव्हच कमी पडतो आहे. बाहेरच्या एसएसडीवरचा एखादा मोठा व्हिडिओ लॅपटॉपवर कॉपी करून पाहा. वेग ३५–४० एमबीवर अडला, तर आधी केबल तपासा. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या टाइप-सी केबली बहुधा यूएसबी २ च्याच असतात आणि चांगल्या एसएसडीलाही तेवढ्यावरच रोखून धरतात. ड्राइव्हसोबत आलेली केबल लावली आणि दुसरा पोर्ट वापरून पाहिला की अनेकदा काम होते.

मंद ड्राइव्हमुळे गेमची फ्रेम संख्या सहसा घटत नाही. पण मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये भिंती, झाडे उशिरा उमटतात, मध्येच क्षणभर झटका बसतो. लॅपटॉपवर गेम बाहेर ठेवून खेळायचाच असेल, तर यूएसबी ३ चा एसएसडीच घ्या. हार्ड डिस्क फक्त साठवणीला ठेवा.