चारशे मिलिसेकंदांची थकबाकी

व्हिडिओ गेममधील भौतिकी, म्हणजे वस्तूंचे पडणे, आदळणे, घसरणे, ठरावीक लांबीच्या काळाच्या तुकड्यांत मोजली जाते. अशा एका तुकड्याला टाइमस्टेप म्हणतात. पडद्यावरची फ्रेम मात्र कधी 10 मिलिसेकंदांत तयार होते, तर कधी 40. या दोन गतींची सांगड घालण्यासाठी इंजिन लिहिणारे बहुतेकजण अ‍ॅक्युम्युलेटर वापरतात. मागच्या फ्रेमला खरोखर लागलेला वेळ या खात्यात जमा होतो आणि त्यात एक पूर्ण तुकडा मावेल तितक्या वेळा भौतिकी पुढे सरकते. उरलेला अपुरा वेळ पुढच्या फ्रेमसाठी राखून ठेवला जातो.

```cpp
accumulator += frameTime;
while (accumulator >= dt) {
    step(dt);
    accumulator -= dt;
}
render();
```

मेख `while` मध्ये आहे. फ्रेम लांबली की पुढच्या फ्रेममध्ये जास्त टाइमस्टेप चालवावे लागतात. त्यांनाही वेळ लागतो, म्हणून तीही फ्रेम लांबते. ही थकबाकी फिटण्याऐवजी वाढत गेली, तर त्या अवस्थेला ‘स्पायरल ऑफ डेथ’ म्हणतात.

एक मोठा झटका बसला म्हणजे हे घडणारच, असा समज आहे. तो अर्धवट खरा आहे. टाइमस्टेप 20 मिलिसेकंदांचा असेल, तो मोजायला 8 मिलिसेकंद आणि चित्र काढायला 6 लागत असतील, तर 400 मिलिसेकंदांच्या झटक्यानंतर 20 टाइमस्टेप चालतात आणि ती फ्रेम 166 मिलिसेकंदांची होते. पुढची साधारण 70 ची, त्यापुढची आणखी लहान. काही फ्रेममध्ये थकबाकी आपोआप फिटते. याउलट एक टाइमस्टेप मोजायलाच 20 पेक्षा जास्त मिलिसेकंद लागत असतील, तर झटका न बसताही इंजिन कोसळेल.

खरा फसवा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. घरच्या घरी लिहिलेल्या एका इंजिनाची कल्पना करता येईल. त्यात प्रत्येक टकरीची नोंद एका यादीत जाते, यादी फ्रेमच्या शेवटी रिकामी होते आणि नवी नोंद दुबार नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्येक टाइमस्टेप अख्खी यादी चाळतो. फ्रेममागे एकच टाइमस्टेप चालतो तोवर यात काहीच जड नाही. पण एकाच फ्रेममध्ये अनेक चालले की यादी फुगते आणि पुढचा प्रत्येक टाइमस्टेप आधीच्यापेक्षा, समजा, दीड मिलिसेकंदाने महाग होतो. आता 20 टाइमस्टेपना 160 नव्हे, तर 445 मिलिसेकंद लागतात. चित्रासह फ्रेम 451 ची होते, म्हणजे फेडायच्या थकबाकीपेक्षा मोठी. त्यानंतर 22 टाइमस्टेप चालतात, मग 26, मग 36. चौथ्या फेरीतच फ्रेम सव्वा सेकंदाच्या आसपास जाते आणि तिथून परतीची वाट नाही.

याच इंजिनाला 200 मिलिसेकंदांचा झटका मात्र पचतो. तेव्हाच्या 10 टाइमस्टेपना चित्रासह सुमारे 154 मिलिसेकंद लागतात आणि थकबाकी कमी होत जाते. या आकड्यांनुसार सीमा 330 मिलिसेकंदांच्या आसपास पडते. म्हणूनच असा दोष चाचणीत महिनोन्‌महिने दिसत नाही आणि एखाद्याच्या संथ हार्डडिस्कवर नवा टप्पा लोड होताना अचानक उपटतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. गेम गोठलेला दिसतो, पण प्रोसेसरचा एक गाभा पूर्ण क्षमतेने राबत असतो आणि डीबगरने केव्हाही थांबवले तरी प्रोग्राम त्याच `while` मध्ये सापडतो. प्रत्येक फ्रेममध्ये किती टाइमस्टेप चालले, हा एक आकडा नोंदवला तरी पुरे. तो चढतच राहिला तर निदान झाले. गंमत म्हणजे ब्रेकपॉइंटवर मिनिटभर थांबणे हाही इंजिनाच्या लेखी झटकाच असतो आणि पुन्हा सुरू करताच 3000 टाइमस्टेप दारात उभे राहतात. विंडोजवर शीर्षकपट्टी धरून खिडकी हलवली, तरी साध्या रचनेच्या इंजिनाचा मुख्य लूप थांबतो.

रूढ उपाय एका ओळीचा आहे. खात्यात जमा होणाऱ्या वेळेलाच मर्यादा घालायची:

```cpp
if (frameTime > 0.25) frameTime = 0.25;
```

ग्लेन फीडलर यांच्या ‘फिक्स युअर टाइमस्टेप’ या लेखामुळे पाव सेकंदाचा हा आकडा सर्वत्र पोहोचला. वरच्या उदाहरणात त्यामुळे साधारण 12 टाइमस्टेप, म्हणजे सुमारे 200 मिलिसेकंदांचे काम होते आणि इंजिन सावरते. पण हा आकडा मंत्र नव्हे. यादीचा बोजा दुप्पट असता, तर त्याच 12 टाइमस्टेपना 300 मिलिसेकंद लागले असते आणि फ्रेम कायमची तिथेच अडकली असती. फ्रेमची लांबी फुगत गेली नसती, इतकेच. म्हणून मर्यादा आपल्या इंजिनाच्या मापाने ठरवावी लागते आणि मूळ रोग, इथे ती यादी, वेगळा दुरुस्त करावा लागतो.

काहीजण वेळेऐवजी टाइमस्टेपच्या संख्येवर मर्यादा घालतात. तेव्हा उरलेली शिल्लक खात्यातून पुसायला विसरले, तर झटक्यानंतर गेम काही काळ फास्ट फॉरवर्डसारखा पळतो. दोन्ही मार्गांत गेममधले घड्याळ खऱ्या घड्याळाच्या मागे पडते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते खपून जाते. अनेक खेळाडूंच्या गेममध्ये मात्र सर्व्हरची वेळ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे टाकून दिलेला वेळ सर्व्हरकडून ताजी स्थिती घेऊन भरून काढावा लागतो.